शाफ्टच्या व्हेरियन्ससाठी किती नग मोजायचे? प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

भोसरीतल्या आमच्या सेंटरलेस ग्राइंडिंग लाइनवर १२ मिमी व्यासाची शाफ्ट होते. टॉलरन्स ±१० मायक्रॉन, म्हणजे एकूण खिडकी २० मायक्रॉनची. ग्राहकाला सीपी किमान १.३३ हवी आहे. सीपी, म्हणजे लाइनच्या क्षमतेचं माप, टॉलरन्स भागिले सहा σ असं काढतात. σ म्हणजे लाइनवरच्या सगळ्या मालाचं खरं स्टँडर्ड डेव्हिएशन. तेव्हा २० मधून हिशोब केला की σ जास्तीत जास्त २.५ मायक्रॉन चालेल. इथवर कोणाचाच वाद नव्हता.

लाइनच्या जुन्या फाइलीत ३० नगांची मोजमापं आहेत. त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन s = २.१ मायक्रॉन, आणि त्यावरून सीपी १.५९. हा कागद ग्राहकाकडे गेला आणि तिथल्या क्वालिटीच्या मॅडमनी एकच शेरा मारून परत पाठवला: “हा तीस नगांचा s आहे. लाइनचा σ किती, ते ९५ टक्के खात्रीने सांगा.”

शेरा अगदी योग्य आहे. आज दुपारी त्याचंच गणित मांडलं. नग एकमेकांपासून स्वतंत्र असतील आणि मापं नॉर्मल वितरणाची असतील, तर (n−१)s²/σ² ही राशी n−१ डिग्री ऑफ फ्रीडमच्या काय-स्क्वेअर वितरणाने चालते. हे हेल्मर्ट या जर्मन भूमापनशास्त्रज्ञाने १८७६ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यावरून σ² चा दुतर्फी इंटरव्हल असा येतो:

```
(n-1)s² / χ²(0.975)  ≤  σ²  ≤  (n-1)s² / χ²(0.025)
```

३० नगांसाठी डिग्री २९. टेबलात काय-स्क्वेअरच्या दोन किमती मिळतात, ४५.७२ आणि १६.०५. s² = ४.४१ घातलं की σ² ची हद्द २.८० ते ७.९७ येते. वर्गमूळ काढलं तर σ १.६७ ते २.८२ मायक्रॉनच्या मध्ये कुठेही असू शकतो. २.८२ धरला तर सीपी १.१८ वर घसरते. म्हणजे ज्या ३० नगांच्या जोरावर आम्ही १.५९ लिहिलं होतं, तेच नग १.१८ सुद्धा नाकारू शकत नाहीत.

इंटरव्हल दोन्ही बाजूंना सारखा नाही, हेही नोंदवून ठेवतो. २.१ पासून खाली ०.४३ आणि वर ०.७२. काय-स्क्वेअरचा आलेख उजवीकडे लांबलेला असतो, त्यामुळे हे असं होतं. व्हेरियन्सच्या बाबतीत “अधिक-उणे इतकं” अशी भाषा वापरली की जी बाजू आपल्याला महाग पडणार आहे, नेमकी तीच कमी दाखवली जाते.

५ नोव्हेंबर

सकाळच्या मीटिंगमध्ये प्रॉडक्शनच्या साहेबांनी विचारलं, “तीस नग घ्यायचे असा नियम आहे ना? सगळीकडे तीसच घेतात.” प्रश्न रास्त आहे, कारण तीसचा आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. पण तो आला सरासरीच्या संदर्भातून. नग तीसच्या आसपास गेले की सरासरीचं वितरण बहुतेक वेळा नॉर्मलच्या पुरेसं जवळ येतं, इतकंच त्यामागे आहे. व्हेरियन्स किती नेमका कळेल याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

मग आमचा आकडा कुठून काढायचा? आधी प्रश्न नीट ठरवायला हवा. σ फार लहान निघाला तर ग्राहकाची काही तक्रार नाही, भीती आहे ती तो मोठा असण्याची. त्यामुळे दुतर्फी इंटरव्हलची गरज नाही, एकतर्फी वरची मर्यादा पुरते. सूत्रात χ²(०.०२५) च्या जागी χ²(०.०५) येतो आणि पाच टक्क्यांची सगळी जोखीम एकाच बाजूला जाते. एक्सेलमध्ये हे एका सेलचं काम आहे:

```
=SQRT((n-1)/CHISQ.INV(0.05, n-1))
```

s ला या गुणकाने गुणलं की ९५ टक्के खात्रीची σ ची वरची मर्यादा मिळते. हा गुणक फक्त n वर ठरतो, मापांचा त्यात काही भाग नाही. म्हणून एकही नग न मोजता तो आधीच काढून ठेवता येतो:

| नग (n) | गुणक |
|---|---|
| १० | १.६४५ |
| ३० | १.२८० |
| ५० | १.२०२ |
| १०० | १.१३४ |
| २०० | १.०९० |

१० वरून ३० वर गेलं की पदरात खूप काही पडतं. १०० वरून २०० वर जाताना मात्र कष्ट दुप्पट होतात आणि हाती लागतात जेमतेम चार टक्के. σ मधली चूक साधारणपणे २n च्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे ती निम्मी करायची तर नग चौपट लागतात.

आमच्याकडे s २.१ आणि मर्यादा २.५, म्हणजे गुणक १.१९० पर्यंत चालेल. एक्सेलमध्ये n एकेक करत वाढवला तर ५४ नगांना गुणक १.१९२ आणि ५५ ला १.१९०. हिशोबाने उत्तर ५५.

६ नोव्हेंबर

५५ हा आकडा काल मान्य झाला होता. आज मीच तो थांबवायला सांगितला. कारण लिहून ठेवतो, कारण याच जागी बहुतेक नियोजनं फसतात.

५५ काढताना आपण गृहीत धरलं की नवीन नमुन्यातही s बरोबर २.१ येईल. पण s स्वतःच हलणारी गोष्ट आहे, आणि हा सगळा खटाटोप तरी त्यासाठीच चालला आहे. लाइनचा खरा σ २.१ असला तरी ५५ नगांच्या नमुन्यात s कधी १.९ येईल, कधी २.३. २.१ च्या किंचित वर गेला की वरची मर्यादा २.५ ओलांडणार. गणित केलं तर ५४ डिग्रीवर यश मिळण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के निघते. लाइन खरोखर चांगली असताना आमचा अहवाल नापास होण्याची शक्यता जवळपास निम्मी. एवढ्या जोखमीवर कोण दिवसभर नग मोजत बसेल?

तेव्हा दुसरी अट घातली: खरा σ २.१ असेल तर वरची मर्यादा २.५ च्या आत येण्याची शक्यता किमान ८० टक्के हवी. नमुना पास व्हायचा तर (n−१)s² हे २.५² × χ²(०.०५) पेक्षा जास्त असता कामा नये. दोन्ही बाजूंना २.१² ने भागलं की डावीकडे पुन्हा काय-स्क्वेअर राशीच उरते. अट एवढीच होते: χ²(०.८०) हा χ²(०.०५) च्या (२.५/२.१)² = १.४१७ पटीहून मोठा नसावा. दोन्ही किमती अर्थात n−१ डिग्रीच्याच.

```python
from scipy.stats import chi2
h = (2.5/2.1)**2
n = 3
while chi2.ppf(0.80, n-1) > h*chi2.ppf(0.05, n-1):
    n += 1
print(n)   # 108
```

उत्तर १०८, म्हणजे कालच्या जवळपास दुप्पट. ९० टक्क्यांची अट घातली तर १४५ च्या आसपास जातं. साहेबांना दोन्ही आकडे दाखवले आणि ८० टक्क्यांवर एकमत झालं.

याच हिशोबात २.१ च्या जागी २.३ घालूनही पाहिलं. नग साडेचारशेच्या घरात गेले. खरा σ मर्यादेच्या जितका जवळ, तितकं ते सिद्ध करणं महाग, आणि ही वाढ भलतीच वेगाने होते. लाइन २.३ वर चालत असेल तर साडेचारशे नग मोजण्यापेक्षा मशीनवर काम केलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

७ नोव्हेंबर

१०८ च्या ऐवजी ११० घेतोय, पाच-पाच नगांचे २२ गट. गट का पाडायचे, हे सुपरवायझर काकांशी बोलताना आणखी पक्कं झालं.

जुने ३० नग कसे घेतले होते, असं त्यांना विचारलं. ते म्हणाले, “व्हील ड्रेस केलं आणि ओळीने तीस काढले. तेव्हा माप एकदम छान येतं.” छान येणारच. ड्रेसिंगनंतर व्हील ताजं असतं. पुढे काम होत जातं तसं व्हील झिजतं, शाफ्टचा व्यास हळूहळू वाढतो आणि ऑपरेटर अधूनमधून कॉम्पेन्सेशन देऊन तो खाली आणतो. ओळीने काढलेल्या तीस नगांत या चढउताराचा मागमूसही नसतो. म्हणून २.१ हा आकडा मशीनच्या क्षणिक विखुरणीचा आहे. ग्राहकाला जो माल मिळतो त्यात सगळ्या शिफ्टची विखुरण असते.

काय-स्क्वेअरच्या सूत्राला हे आपोआप कळत नाही. चुकीच्या जागेवरून एक हजार नग आणले तरी ते तितकाच अरुंद आणि तितकाच दिशाभूल करणारा इंटरव्हल काढून देईल. म्हणून दोन शिफ्टमध्ये, एका ड्रेसिंगपासून दुसऱ्या ड्रेसिंगपर्यंतचा सगळा काळ धरून, ठराविक अंतराने पाच-पाच नग उचलायचे असं ठरलं. प्रत्येक गटाची वेळ आणि शेवटचं ड्रेसिंग कधी झालं हे शीटवर लिहायचं.

मोजण्याची पद्धतही आजच ठरवली. मोजमापातला व्हेरियन्स नगांच्या व्हेरियन्समध्ये थेट मिसळतो, म्हणून तो आधी बघायला हवा. एक मायक्रॉन लीस्ट काउंटच्या कम्पॅरेटरवर एकच नग पुन्हा पुन्हा मोजला, विखुरण ०.५ मायक्रॉन आली. वर्ग केला की ०.२५. एकूण व्हेरियन्स साडेचारच्या आसपास धरला तर हा भाग पाच-सहा टक्के होतो. तो वजा करायचा नाही, राहू द्यायचा. आपला σ त्यामुळे किंचित मोठाच दिसतो, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला आहे.

तापमान मात्र सोडून चालणार नाही. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे साधारण ११.५ मायक्रॉन प्रसरण पावतं. १२ मिमी व्यासाचा नग, कम्पॅरेटर ज्यावर शून्य केला त्या मास्टरपेक्षा १० अंशांनी गरम असेल तर माप जवळपास १.४ मायक्रॉनने मोठं दिसतं. आपण २ मायक्रॉनची विखुरण शोधतोय, तेव्हा हे दुर्लक्ष करण्याजोगं नाही. सगळे नग सारखेच गरम असते तर सरासरी सरकली असती आणि व्हेरियन्स तसाच राहिला असता. पण एक गट लगेच मोजला आणि दुसरा जेवणाच्या सुट्टीनंतर, की तो फरक सरळ व्हेरियन्समध्ये जातो. म्हणून नग पुसून मास्टरसोबत ग्रॅनाइट टेबलावर ठेवायचे आणि दोन्हींचं तापमान एक झाल्यावरच मोजायचे.

११ नोव्हेंबर

गुरुवारची सुट्टी मध्ये आली, बाकी काम ठरल्याप्रमाणे झालं. ११० मापं हातात आहेत. इंटरव्हल काढायच्या आधी मापं नॉर्मल आहेत का ते पाहिलं.

ही पायरी व्हेरियन्ससाठी सरासरीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची आहे. सरासरीच्या इंटरव्हलला मोठा नमुना वाचवतो. मूळ वितरण वेडंवाकडं असलं तरी नग वाढले की इंटरव्हल सुधारतो. व्हेरियन्सच्या काय-स्क्वेअर इंटरव्हलला ही मुभा नाही. s² किती हलतो हे वितरणाच्या कुर्टोसिसवर, म्हणजे शेपट्या किती जाड आहेत यावर ठरतं. नॉर्मलपेक्षा जास्तीची कुर्टोसिस κ असेल तर s² चा व्हेरियन्स अंदाजे १ + κ/२ पटीने वाढतो. κ = १ असेल तर तेवढ्याच नेमकेपणासाठी दीडपट नग लागतात. κ = ३ असेल तर अडीचपट, आणि हे न ओळखता नेहमीचं सूत्र वापरलं तर दुतर्फी ९५ टक्क्यांचा म्हणून लिहिलेला इंटरव्हल प्रत्यक्षात ७८ टक्क्यांच्या आसपासच खरा ठरतो. नग दहा हजार केले तरी तो ७८ चे ९५ होत नाही.

कारखान्यात जाड शेपट्या येतात त्या बहुधा मिसळीमुळे. दोन मशीनचा माल एका ट्रेमध्ये पडतो, नाहीतर व्हील बदलल्यावरचे पहिले काही नग चांगल्या नगांत जातात. म्हणून आकडा काढण्याआधी नॉर्मल प्रॉबॅबिलिटी प्लॉट डोळ्यांनी बघावा. टोकाचे ठिपके रेषेपासून दूर पळत असतील तर त्या नगांची वेळ शीटवर शोधावी.

आमचा प्लॉट सरळ आहे. जास्तीची कुर्टोसिस ०.२ आली. ११० नगांच्या नमुन्यात या आकड्याची स्वतःचीच प्रमाण त्रुटी ०.४७ असते, त्यामुळे ०.२ ला काही अर्थ लावायला जात नाही.

१२ नोव्हेंबर

सगळी ११० मापं एकत्र धरून s = २.१७ मायक्रॉन. डिग्री १०९, χ²(०.०५) = ८५.९०, गुणक १.१२६. वरची मर्यादा २.४४. २.५ च्या आत आहे. साहेबांना फोन करण्याआधी गटांच्या सरासऱ्या कालक्रमाने मांडून पाहिल्या.

आलेख बोलका आहे. ड्रेसिंगनंतर खाली, मग हळूहळू वर, ऑपरेटरने कॉम्पेन्सेशन दिलं की पुन्हा खाली. काका म्हणाले होते तस्संच. आकड्यांतही ते दिसतं. गटांच्या आतला एकत्रित s २.०२ आहे. सगळे नग खरोखर स्वतंत्र असते तर पाच-पाचच्या सरासऱ्यांची विखुरण २.०२ भागिले √५, म्हणजे ०.९० च्या आसपास यायला हवी होती. प्रत्यक्षात ती १.२१ आहे. एफ गुणोत्तर १.८ येतं, आणि २१ व ८८ डिग्रीवर पाच टक्क्यांची हद्द १.७ च्या जवळपास आहे. चढउतार खरा आहे.

त्यामुळे वरचे १०९ डिग्री मोजून घेणं योग्य नाही. एकाच गटातले पाच नग एकाच सरकलेल्या सरासरीभोवती असतात, ते पाच पूर्ण स्वतंत्र साक्षी देत नाहीत. व्हेरियन्सचे दोन भाग वेगळे केले. आतला ४.०८ आणि गटागटांमधला ०.६५, बेरीज ४.७३, वर्गमूळ २.१७५. या बेरजेला किती डिग्री द्यायच्या ते सॅटरथ्वेटच्या सूत्राने काढता येतं:

```
ν = (MSB/5 + 4·MSW/5)² / [ (MSB/5)²/21 + (4·MSW/5)²/88 ]
```

गटागटांमधला मीन स्क्वेअर MSB = ७.३४ आणि गटांच्या आतला MSW = ४.०८ घालून ν = १०० आला. χ²(०.०५) = ७७.९३, गुणक १.१३३, वरची मर्यादा २.४६ मायक्रॉन. सीपीची खालची मर्यादा १.३५.

१०९ वरून १०० हे नुकसान फार नाही, कारण गटांची संख्या २२ आहे. हेच ११० नग २२ नगांच्या पाच गटांत घेतले असते तर गटागटांमधल्या भागाला फक्त ४ डिग्री मिळाल्या असत्या आणि इंटरव्हल पार सुटला असता. वेळेनुसार होणारा बदल पकडायचा असेल तर गटातले नग वाढवून उपयोग नाही, गट वाढवायला हवेत. पुढच्या प्रत्येक प्लॅनमध्ये हे पहिल्या ओळीत लिहायचं ठरवलं आहे.

१३ नोव्हेंबर

अहवाल गेला. त्यात तिन्ही आकडे दिलेत: गटांच्या आतला s २.०२, एकूण २.१७५, आणि ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा २.४६. गटांच्या सरासऱ्यांचा आलेख आणि ड्रेसिंगच्या वेळाही जोडल्या.

दुपारी मॅडमचा फोन आला. आलेख बघून त्यांनी विचारलं, “ड्रेसिंग थोडं लवकर केलं तर ०.६५ मधलं किती कमी होईल?” पूर्ण गेलं तर σ २.०२ वर येतो. ड्रेसिंगचं अंतर कमी करून नवीन २२ गट घ्यायचे ठरले. या वेळी नियोजनात २.०२ धरता येणार नाही, कारण चढउतार थोडा तरी उरणारच. काकांच्या अंदाजाने ०.६५ मधलं निम्मं उरेल. म्हणजे व्हेरियन्स ४.४१, आणि योगायोगाने नियोजनाचा σ पुन्हा २.१ च. पाच-पाचचे २२ गट तसेच ठेवले.